परीक्षकांच्या आक्षेपांना उत्तर देणारे पत्र : प्रयोगपद्धतीची भाषा

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• संशोधन-नियतकालिकाच्या संपादकांना लिहावयाच्या उत्तरपत्राचे स्वरूप सांगता येईल;
• प्रयोगपद्धतीवरील आक्षेपांचे प्रकार ओळखून प्रत्येकाला कोणत्या प्रकारचे उत्तर द्यावे लागते, हे स्पष्ट करता येईल;
• पद्धतीचे वर्णन करताना मराठी वाक्यरचनेमुळे कोणती माहिती झाकली जाते, हे दाखवून देता येईल.

१. प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण अर्ज, निवेदन, तक्रारपत्र आणि कार्यालयीन पत्रव्यवहार हे प्रकार पाहिले आहेत. या घटकात त्याच कुळातील, परंतु अधिक जोखमीच्या एका पत्राचा विचार करावयाचा आहे. संशोधन-लेख नियतकालिकाकडे पाठविल्यावर संपादक तो त्या विषयातील दोन किंवा अधिक जाणकारांकडे अभिप्रायासाठी पाठवितात. त्यांना आपण येथे ‘परीक्षक’ म्हणू. परीक्षकांचे आक्षेप संपादकांमार्फत संशोधकाकडे येतात. संशोधकाने सुधारित लेखासोबत प्रत्येक आक्षेपाला क्रमाने उत्तर देणारे पत्र जोडावयाचे असते. लेख स्वीकारावा की नाही, याचा निर्णय घेताना संपादकांच्या हाती हे पत्र असते.

आक्षेप लेखाच्या भाषेविषयी किंवा संदर्भांविषयी असतील, तर दुरुस्ती सोपी असते. आक्षेप प्रयोगपद्धतीवर असेल, तर मात्र प्रश्न मुळाशी जातो. कारण प्रयोग होऊन गेलेला असतो आणि जे घडले ते शब्दांनी बदलता येत नाही. म्हणून अशा पत्रात संशोधकाला आधी स्वतःशी एक निवाडा करावा लागतो. आपण योग्य तेच केले होते, पण लिहिले नव्हते, असे आहे काय? की केले त्यात उणीव होती, पण हाती असलेल्या सामग्रीतून ती भरून काढता येईल? की ही उणीव या सामग्रीतून भरून निघणारच नाही? या तीन स्थितींची उत्तरे भिन्न असतात. तिसऱ्या स्थितीला पहिल्या स्थितीची भाषा वापरणे, हा उत्तरपत्रातील सर्वांत गंभीर दोष होय.

पुढे दिलेले पत्र आणि त्यातील प्रयोग व आकडे या घटकासाठी रचलेले आहेत. त्यात येणारे आक्षेप मात्र भाषाविषयक प्रयोगांवर नेहमी घेतले जाणारे आहेत.

२. मूळ प्रयोग आणि आक्षेप

एका संशोधिकेने असा प्रश्न घेतला : शासकीय सूचनापत्र सोप्या मराठीत लिहिले, तर सामान्य वाचकाला ते अधिक समजते काय? तिने शिधापत्रिकेसंबंधी एका सूचनापत्राची दोन रूपे तयार केली. पहिल्या, म्हणजे ‘क’ रूपात कार्यालयीन भाषा होती : “दि. ३१ मार्चपर्यंत आवश्यक कागदपत्रांची पूर्तता न केल्यास सदर अर्ज निकाली काढण्यात येईल.” ‘ख’ रूपात तेच असे लिहिले होते : “३१ मार्चपर्यंत कागदपत्रे दिली नाहीत, तर तुमचा अर्ज बंद केला जाईल.” चाळीस प्रौढ वाचकांपैकी वीस जणांना ‘क’ आणि वीस जणांना ‘ख’ रूप दिले. मजकूर समोर ठेवून दहा प्रश्नांची लेखी उत्तरे घेतली. ‘क’ गटाची सरासरी ५.२ आणि ‘ख’ गटाची ७.८ आली. ‘सोपी भाषा आकलन वाढविते’ असा निष्कर्ष तिने काढला.

लेखातील पद्धतीचा परिच्छेद असा होता : “वाचकांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. प्राप्त उत्तरांची तपासणी करण्यात येऊन गुण देण्यात आले.”

दोन परीक्षकांनी मिळून चार आक्षेप घेतले. मजकूर समोर असताना उत्तरे घेतली, तर मोजले काय, आकलन की शोधण्याचे कौशल्य? उत्तरे कोणी तपासली, आणि तपासणाऱ्याला कोणती उत्तरपत्रिका कोणत्या रूपाची आहे, हे ठाऊक होते काय? गटविभागणी नेमकी कशी केली? आणि एकाच सूचनापत्रावरून ‘सोपी भाषा’ या व्यापक गोष्टीविषयी निष्कर्ष कसा काढला?

यावर संशोधिकेने पाठविलेले उत्तर आता वाचू.

३. उत्तरपत्र

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

विषय : शासकीय सूचनापत्रांच्या भाषेवरील लेखासंबंधी परीक्षकांच्या आक्षेपांना उत्तर.

महोदय,

आपण पाठविलेले दोन्ही परीक्षकांचे अभिप्राय मिळाले. सुधारित लेख सोबत जोडला आहे. मूळ लेखाचा मुख्य निष्कर्ष मी मागे घेतला असून, नव्याने केलेल्या दुसऱ्या प्रयोगाच्या आधारे मर्यादित निष्कर्ष मांडला आहे. त्याची कारणे आक्षेप तीन आणि चार यांच्या उत्तरांत दिली आहेत.

*आक्षेप १ : वाचकांनी मजकूर समोर ठेवून उत्तरे दिली. त्यामुळे आकलन मोजले गेले नाही.*

उत्तर : पद्धतीविषयी मी परीक्षकांशी सहमत नाही, शब्दाविषयी सहमत आहे. सूचनापत्र वाचणारा नागरिक ते पाठ करीत नाही. ते त्याच्या हातात किंवा भिंतीवर असते आणि त्यात पाहूनच तो पुढील कृती ठरवितो. मजकूर काढून घेतला असता, तर स्मरणशक्तीचाही भाग मोजला गेला असता. म्हणून ही पद्धत मी कायम ठेवली आहे. तथापि ‘आकलन’ हा शब्द मी फार व्यापक अर्थाने वापरला होता. आता ‘मजकूर हाताशी असताना सूचना समजून घेणे’ असा शब्दप्रयोग केला आहे (पृष्ठ ३, परिच्छेद १).

*आक्षेप २ : उत्तरे कोणी तपासली, हे लेखातून कळत नाही.*

उत्तर : सर्व उत्तरे मी स्वतः तपासली होती आणि प्रत्येक उत्तरपत्रिका कोणत्या रूपाची आहे, हे मला ठाऊक होते. ही उणीव मान्य आहे. उत्तरपत्रिका माझ्याकडे जपून ठेवलेल्या असल्याने त्या दोन शिक्षकांकडून नव्याने तपासून घेतल्या. नावे व रूपाच्या खुणा झाकून पत्रिकांचा क्रम मिसळला होता. एकमेकांचे गुण न पाहता त्यांनी प्रत्येक उत्तर बरोबर किंवा चूक ठरविले. ४०० उत्तरांपैकी ३६४ उत्तरांबाबत, म्हणजे ९१ टक्के, त्यांचे एकमत झाले. उरलेल्या ३६ उत्तरांचा निर्णय त्यांनी चर्चेने केला. या तपासणीत ‘क’ गटाची सरासरी ५.५ आणि ‘ख’ गटाची ७.५ आली. माझ्या तपासणीत फरक २.६ गुणांचा होता. तो आता २.० झाला. माझ्या अपेक्षेचा माझ्या तपासणीवर परिणाम झाला होता, असे मानणे भाग आहे. जुने आकडे काढून नवे दिले आहेत (पृष्ठ ५, तक्ता १).

येथे एक मर्यादा नोंदविते. वाचक अनेकदा मजकुरातील शब्दच उत्तरात उतरवितात. ‘अर्ज निकाली निघेल’ असे लिहिणाऱ्याने ‘क’ रूप वाचले, हे लपत नाही. म्हणून तपासणीनंतर एका शिक्षकाला प्रत्येक पत्रिकेचे रूप ओळखावयास सांगितले. चाळीसपैकी २९ पत्रिकांचे रूप त्यांनी बरोबर ओळखले. केवळ अंदाजाने सुमारे वीस ओळखता आल्या असत्या. यावरून रूप अंशतःच झाकले गेले होते, हे उघड आहे.

*आक्षेप ३ : गटविभागणी कशी केली?*

उत्तर : मूळ लेखातील ‘यादृच्छिक’ हा शब्द चुकीचा होता. सकाळच्या सत्रात आलेल्या वाचकांना ‘क’ आणि संध्याकाळच्या सत्रात आलेल्यांना ‘ख’ रूप दिले होते. कोण केव्हा येईल, हे मी ठरविले नव्हते, म्हणून मी तो शब्द वापरला. परंतु संध्याकाळी येणाऱ्यांत नोकरी करणारे अधिक होते आणि कार्यालयीन कागदांशी त्यांचा संबंध अधिक येत असावा. दोन गटांतील फरक भाषेमुळे पडला की वाचकांमुळे, हे या प्रयोगातून वेगळे करता येत नाही. कोणत्याही पुनर्गणनेने हा दोष दूर होणार नाही. म्हणून या प्रयोगाचा आधार निष्कर्षासाठी घेतलेला नाही. तो आता केवळ पूर्वचाचणी म्हणून दिला आहे.

*आक्षेप ४ : एकाच सूचनापत्रावरून व्यापक निष्कर्ष काढला आहे.*

उत्तर : आक्षेप मान्य आहे. आक्षेप तीन आणि चार लक्षात घेऊन दुसरा प्रयोग केला. त्यात चार विषयांवरील चार सूचनापत्रे घेतली आणि प्रत्येकाची ‘क’ व ‘ख’ रूपे केली. पहिल्या संचात पहिली दोन सूचनापत्रे ‘क’ रूपात आणि उरलेली दोन ‘ख’ रूपात ठेवली. दुसऱ्या संचात याच्या उलट. अशा रीतीने प्रत्येक वाचकाने दोन्ही प्रकारची भाषा वाचली, पण एकच सूचनापत्र दोनदा वाचले नाही. सोळा-सोळा संच बंद लिफाफ्यांत घालून ते ३२ लिफाफे मिसळले आणि वाचक येईल तसा वरचा लिफाफा दिला. लिफाफे देणाऱ्या व्यक्तीला आतील संच माहीत नव्हता. प्रत्येक लिफाफ्यातील चार सूचनापत्रांचा क्रमही मिसळला होता. प्रत्येक सूचनापत्रावर चार पर्यायांचे पाच प्रश्न होते, त्यामुळे तपासताना कोणाच्याही निर्णयाला वाव राहिला नाही.

प्रत्येक वाचकाला दोन ‘क’ आणि दोन ‘ख’ सूचनापत्रांवर प्रत्येकी दहापैकी गुण मिळाले. सरासरी ‘क’साठी ५.५ आणि ‘ख’साठी ७.० आली. बत्तीसपैकी २३ वाचकांना ‘ख’ रूपात अधिक, पाच जणांना कमी आणि चौघांना समान गुण मिळाले. सूचनापत्रनिहाय पाहता पहिल्या तिन्हींत ‘ख’ रूपाची सरासरी पाचपैकी सुमारे एका गुणाने अधिक आहे. चौथ्यात मात्र ती ‘क’साठी ३.५ आणि ‘ख’साठी ३.६, म्हणजे जवळजवळ सारखी आहे. हे सूचनापत्र पाणीपुरवठ्याच्या वेळांचे होते. त्यात मुख्यतः वार, तारखा आणि वेळा होत्या. दोन्ही प्रयोगांतील प्रश्नांचे स्वरूप भिन्न असल्याने त्यांतील फरकांची थेट तुलना मी केलेली नाही.

यावरून ‘सोपी भाषा आकलन वाढविते’ असे मी आता म्हणत नाही. अभ्यासलेल्या चारपैकी तीन सूचनापत्रांत सोप्या रूपाचा लाभ दिसला, एवढेच म्हणते. चार सूचनापत्रे म्हणजे समग्र शासकीय मराठी नव्हे, हे लेखाच्या शेवटी नमूद केले आहे (पृष्ठ ११, परिच्छेद ३). लेखाचे शीर्षकही त्यानुसार बदलले आहे.

परीक्षकांनी लेख बारकाईने वाचला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आपली विश्वासू,
(संशोधिकेची स्वाक्षरी)

४. पत्राचे विवेचन

*४.१ कर्ता कोठे गेला?*

दुसरा आक्षेप मूळ लेखातील एका क्रियापदामुळे उद्भवला. ‘तपासणी करण्यात आली’ या रचनेत कर्ता सांगण्याची गरजच पडत नाही. कार्यालयीन मराठीत ही रचना रुळलेली आहे आणि ती भारदस्त व तटस्थ वाटते. परंतु प्रयोगाच्या वर्णनात कृती कोणी केली, हीच माहिती अनेकदा निर्णायक असते. तपासणाऱ्याला कोणत्या गटाकडून काय अपेक्षित आहे, हे माहीत असेल, तर संदिग्ध उत्तराला तो नकळत एका गटात गुण देतो आणि दुसऱ्यात देत नाही. ‘अर्ज निकाली निघेल’ हेच उत्तर घ्या. लिहिणाऱ्याला अर्ज बंद होणार हे कळले, की काम पूर्ण होणार असे वाटले? दोन्ही अर्थ संभवतात आणि गुण द्यावा की नाही, हे तपासणाऱ्याच्या मनावर राहते.

उत्तरपत्रातील ‘सर्व उत्तरे मी स्वतः तपासली होती’ या वाक्यात कर्ता परत आला आहे. प्रयोगाचे वर्णन लिहिताना किंवा तपासताना आपण प्रत्येक ‘करण्यात आले’पाशी थांबून ‘कोणी?’ असे विचारावे. उत्तराने वाचकाचा विश्वास वाढणार किंवा घटणार असेल, तर तो कर्ता लिहिला पाहिजे.

*४.२ ‘९१ टक्के एकमत’ म्हणजे किती?*

दोन तपासनीसांचे ९१ टक्के एकमत फार मोठे वाटते. पण काही एकमत योगायोगानेही होते. समजा, एकाने ६५ टक्के आणि दुसऱ्याने ६४ टक्के उत्तरे बरोबर ठरविली. त्यांनी न वाचता याच प्रमाणात खुणा केल्या असत्या, तरी दोघांचेही ‘बरोबर’ सुमारे ४२ टक्के वेळा आणि दोघांचेही ‘चूक’ सुमारे १२ ते १३ टक्के वेळा जुळले असते. म्हणजे एकूण ५४ टक्के. योगायोगापलीकडे जुळण्यास ४६ टक्के जागा उरते आणि त्यांपैकी ३७ टक्के त्यांनी भरली. हे गुणोत्तर सुमारे ०.८ येते. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला ‘कॅपा’ गुणांक तो हाच. ०.८ हे एकमत चांगले मानले जाते. तरी ते ९१ टक्क्यांइतके डोळे दिपविणारे नाही. संशोधिकेने केवळ टक्केवारी दिली आहे. परीक्षक येथे पुन्हा प्रश्न विचारू शकतील, एवढी त्रुटी या पत्रात राहिली आहे.

*४.३ ‘यादृच्छिक’ या शब्दाचा अर्थ*

नेहमीच्या भाषेत ‘यदृच्छेने’ म्हणजे सहज, आपोआप, कोणी न ठरविता. सकाळी कोण आले आणि संध्याकाळी कोण आले, हे या अर्थाने यदृच्छेनेच घडले. प्रयोगाच्या परिभाषेत मात्र ‘यादृच्छिक’ विभागणी म्हणजे चिठ्ठ्या टाकणे, लिफाफे मिसळणे यांसारख्या कृतीने केलेली विभागणी. तीत वाचकाचे वय, व्यवसाय, शिक्षण किंवा येण्याची वेळ यांचा तो कोणत्या गटात जातो याच्याशी काहीही संबंध उरत नाही. ‘मी ठरविले नाही’ एवढे पुरत नाही, कारण वाचकाच्या आयुष्यातील एखादी गोष्ट ते ठरवीत असते. येथे ती गोष्ट नोकरीची वेळ होती. म्हणून पद्धत सांगताना केवळ विशेषण न देता कृती सांगावी. सुधारित पत्रात ‘यादृच्छिक’ हा शब्द नव्या प्रयोगासाठी एकदाही आलेला नाही. लिफाफे कसे भरले, मिसळले आणि दिले, हेच आले आहे. ते वाचून परीक्षक स्वतः ठरवू शकतात.

*४.४ वाचक अनेक, मजकूर एक*

चौथा आक्षेप भाषेच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा आहे. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ साली एका लेखात याच त्रुटीकडे लक्ष वेधले : प्रयोग करणारे अनेक माणसांवर प्रयोग करून सर्व माणसांविषयी निष्कर्ष काढतात, तेव्हा माणसामाणसांतील फरकांचा हिशेब ठेवतात, पण निवडक शब्दांवरून किंवा वाक्यांवरून संपूर्ण भाषेविषयी निष्कर्ष काढताना शब्दाशब्दांतील फरकांचा हिशेब ठेवीत नाहीत. चाळीसऐवजी चारशे वाचक घेतले असते, तरी सूचनापत्र एकच राहिले असते. मग आढळलेला फरक ‘सोप्या भाषेचा’ होता, की त्या एका सूचनापत्रातील ‘निकाली काढणे’ या एका फसव्या शब्दप्रयोगाचा, हे कळण्यास मार्ग नव्हता.

चार सूचनापत्रे घेताच चौथ्याने वेगळे उत्तर दिले. संशोधिकेने ते सरासरीत विरघळू दिले नाही, स्वतंत्रपणे सांगितले. त्यामुळे निष्कर्ष आकुंचित झाला, पण एक नवा प्रश्नही हाती आला : ज्या सूचनापत्रात वाक्यांपेक्षा तारखा आणि वेळा अधिक असतात, तेथे भाषा सोपी करून फारसे साधत नाही काय? चार नमुन्यांवरून याचे उत्तर देता येत नाही आणि पत्रात तसा दावाही नाही.

*४.५ असहमती कशी मांडावी?*

पहिल्या आक्षेपाचे उत्तर पाहा. ‘परीक्षकांचा गैरसमज झाला आहे’ असे त्यात म्हटलेले नाही. कोणत्या मुद्द्याशी असहमती आणि कोणत्याशी सहमती, हे पहिल्याच वाक्यात वेगळे केले आहे. नंतर कारण दिले आहे आणि ते संशोधन-प्रश्नातून आले आहे : प्रत्यक्ष जीवनात सूचनापत्र कसे वाचले जाते. ‘अशीच पद्धत सर्वत्र वापरतात’ हे कारण येथे दुबळे ठरले असते. शेवटी लेखात कोठे बदल केला, ते पृष्ठासह सांगितले आहे.

५. सारांश

उत्तरपत्रात प्रत्येक आक्षेप उद्धृत करून त्याखाली सहमती किंवा असहमती, केलेली कृती आणि लेखातील बदलाचे स्थान द्यावे. लिहावयाची राहिलेली माहिती लिहून द्यावी. पुन्हा तपासता येणारे तपासून नवे आकडे द्यावेत, मग ते आपल्याला प्रतिकूल असले तरी. आणि भरून न निघणाऱ्या दोषापुढे निष्कर्ष मागे घ्यावा किंवा प्रयोग नव्याने करावा. या तिन्ही ठिकाणी कर्ता, कृती आणि क्रम स्पष्ट सांगणारी वाक्ये उपयोगी पडतात.

स्वाध्याय

१. ‘नमुन्यांची निवड करण्यात येऊन मुलाखती घेण्यात आल्या’ या वाक्यात कोणती माहिती झाकली गेली आहे? ती देणारी तीन वाक्ये लिहा.

२. दुसऱ्या प्रयोगात प्रत्येक वाचकाला एकच सूचनापत्र दोन्ही रूपांत वाचावयास दिले असते, तर कोणता आक्षेप आला असता?

३. दुसऱ्या आक्षेपाच्या उत्तरात घटक ४.२ मधील चर्चेच्या आधारे दोन वाक्यांची भर घाला.

उत्तरसूचना : (१) कोणी निवडले, कशा रीतीने निवडले, मुलाखती कोणी व कोठे घेतल्या. (२) पहिल्या वाचनात कळलेली माहिती दुसऱ्या वाचनात उपयोगी पडली असती. त्यामुळे नंतर वाचलेल्या रूपाला भाषेमुळे नव्हे, तर क्रमामुळे अधिक गुण मिळाले असते. (३) योगायोगाने होणारे एकमत सुमारे ५४ टक्के आणि ते वजा जाता येणारा गुणांक सुमारे ०.८, हे दोन्ही सांगावेत.